धूम्रपान, बहिरेपण आणि कान वाजणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कानाच्या तपासणीला आलेल्या माणसाला “विडी-सिगारेट ओढता का?” असं विचारलं की तो गोंधळतो. खोकला घेऊन गेलो असतो तर प्रश्न समजला असता, पण कानाचा इथे काय संबंध, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. संबंध आहे, आणि तो आतल्या कानाला रक्त कसं पोहोचतं यात दडलेला आहे. म्हणून इथले बहुतेक प्रश्न फिरून फिरून त्या रक्तपुरवठ्यापाशीच येतात.

धूम्रपानाने खरंच ऐकू कमी येतं का? की म्हातारपणी दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, एवढंच?

ही शंका रास्त आहे. ऐकू कमी येणाऱ्या माणसांत धूम्रपान करणारे जास्त सापडले, तरी त्याची कारणं दुसरीही असू शकतात. विडी ओढणारा माणूस गोंगाटाच्या कारखान्यात काम करत असेल, त्याला मधुमेह किंवा रक्तदाब असेल. त्यामुळे हे बाकीचे घटक हिशेबात धरून केलेले अभ्यासच इथे कामाचे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बीव्हर डॅम नावाच्या गावातल्या साडेतीन हजारांहून अधिक प्रौढांची श्रवणचाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. वय, गोंगाट आणि इतर आजार लक्षात घेऊनही, त्या वेळी धूम्रपान करत असलेल्यांना बहिरेपण असण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे १.७ पट निघाली. पण हा एकाच वेळी केलेला पाहणीवजा अभ्यास होता. आधी काय झालं आणि नंतर काय, हे त्यातून नीट कळत नाही.

ती उणीव जपानमधल्या अभ्यासाने भरून काढली. तिथे सुमारे ५० हजार नोकरदारांच्या वार्षिक आरोग्यतपासणीतल्या श्रवणचाचण्या आठ वर्षांपर्यंत पाहिल्या गेल्या, आणि सुरुवातीला ज्यांचं ऐकणं ठीक होतं अशांनाच अभ्यासात धरलं होतं. २०१८ साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार उंच पट्टीचे आवाज ऐकू न येण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत १.६ पट होता, तर खालच्या पट्टीच्या आवाजांबाबत तो १.२ पट होता. कामावरच्या गोंगाटाचा हिशेब करूनही फरक टिकला. दिवसाला जितक्या सिगारेटी जास्त तितका धोका जास्त, हेही त्यात दिसलं. योगायोग असता तर ही चढती पायरी दिसली नसती.

धूर जातो फुप्फुसात. कानापर्यंत तो पोहोचतो कसा?

धूर पोहोचत नाही. पोहोचतं ते धुराने बदललेलं रक्त. आणि आतल्या कानाला मिळणारं रक्त मुळातच मोजकं आहे.

कानाच्या हाडात खोलवर कर्णावर्त नावाची शंखाकृती नळी असते. ऐकण्याचं खरं काम तिथे चालतं. मेंदूच्या तळाशी बेसिलर नावाची धमनी आहे. तिची एक फांदी लहान मेंदूकडे जाते, जिला डॉक्टर मंडळी ‘आयका’ म्हणतात. बहुतेक माणसांत या आयकातून एक अगदी बारीक धमनी निघते आणि श्रवणाच्या नसेसोबत हाडातल्या बोगद्यातून आतल्या कानात शिरते. तिचं नाव लॅबिरिंथाइन धमनी. कर्णावर्त आणि तोल सांभाळणारे अवयव, या दोघांचं पोट या एकाच धमनीवर भरतं.

शरीरात इतर ठिकाणी एक रस्ता बंद झाला की शेजारच्या रक्तवाहिन्या मदतीला येतात. हाताला अनेक वाटांनी रक्त जातं, आतड्याला जातं, चेहऱ्याला तर भरपूर जातं. आतल्या कानाला अशी दुसरी वाट जवळजवळ नाहीच. गावाच्या नळयोजनेत एकाच बारीक पाइपावर असलेल्या शेवटच्या घरासारखी त्याची स्थिती असते: टाकीत पाणी असलं तरी दाब थोडा उतरला की पहिली झळ त्या घराला.

त्यात भर म्हणजे कर्णावर्ताची भूक मोठी आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीवर स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस नावाची, बारीक केशवाहिन्यांनी गच्च भरलेली पट्टी असते. ती आतल्या द्रवात पोटॅशियम सतत ढकलत राहते आणि त्यामुळे तिथे सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. ध्वनीची लाट आली की केसपेशी याच दाबावर चालतात. स्ट्रिया म्हणजे ऐकण्याची बॅटरी चार्ज ठेवणारी जागा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ऑक्सिजन तोडला की हा विद्युतदाब मिनिटभरातच कोसळू लागतो. साठवण म्हणून काही नाही. क्षणाक्षणाला रक्त यावं लागतं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ज्या केसपेशी ध्वनी पकडतात, त्यांना रक्तवाहिनी थेट भिडतच नाही. भिडली असती तर रक्ताची प्रत्येक ठोक आपल्याला ऐकू आली असती. म्हणून वाहिन्या थोड्या अंतरावर आहेत आणि ऑक्सिजन द्रवातून झिरपत पेशींपर्यंत येतो. शांतता राखण्याची ही निसर्गाची सोय खरी, पण तिची किंमत अशी की रक्तातला ऑक्सिजन थोडा जरी उतरला तरी शेवटच्या पेशीपर्यंत पोहोचताना तो आणखी कमी होतो.

मग धूम्रपान या पुरवठ्यात नेमकं काय बिघडवतं?

दोन गोष्टी लगेच घडतात, तिसरी वर्षानुवर्षं घडत राहते.

पहिली कार्बन मोनॉक्साइडची. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धूम्रपान न करणाऱ्याच्या रक्तात असं अडकलेलं हिमोग्लोबिन साधारण दोन टक्क्यांच्या आत असतं. नेमाने ओढणाऱ्यात ते पाच ते दहा टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं. आता कुणी म्हणेल, उरलेले नव्वद टक्के आहेत ना? पण उरलेलं हिमोग्लोबिनही बिघडतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि पेशींजवळ गेल्यावर सहज सोडत नाही. म्हणजे वाहून आणणारे हात कमी झाले, आणि जे आहेत त्यांची मूठ उघडत नाही.

हा वायू शरीरातून निम्मा व्हायला साध्या हवेत चार-पाच तास लागतात. रात्री दहाला शेवटची विडी ओढली तेव्हा प्रमाण आठ टक्के होतं असं धरू. पहाटे तीनच्या सुमारास ते चारवर येईल. सकाळी सहाला अजून अडीच-तीन टक्के उरलेलं असेल आणि तेवढ्यात चहाबरोबर दिवसाची पहिली विडी पेटेल. तासाला एक ओढणाऱ्याचं रक्त वर्षानुवर्षं पूर्ण स्वच्छ होतच नाही. कर्णावर्ताला दिवसाचे चोवीस तास थोडा कमी ऑक्सिजन मिळत राहतो, आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो, कारण यात दुखत काहीच नाही.

दुसरी गोष्ट निकोटीनची. ते शरीराच्या धावपळीच्या मज्जासंस्थेला चेतवतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो आणि बारीक धमन्या आकसतात. नळीची त्रिज्या थोडी कमी झाली तरी तिच्यातला प्रवाह खूप जास्त उतरतो; त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह तत्त्वतः सोळाव्या भागावर येतो. इतकी आकसणी निकोटीनने होते असं नाही, पण आधीच बारीक असलेल्या वाहिनीला थोडा फरकही का जड जातो, हे यावरून समजतं.

तिसरी गोष्ट सावकाश होते. धुरातली मुक्त मूलकं धमन्यांचं आतलं अस्तर खरवडतात. ते अस्तर एरवी नायट्रिक ऑक्साइड तयार करून धमनी सैल ठेवतं. ते काम मंदावतं. बिंबिका चिकट होतात, रक्त दाट होतं, मोठ्या धमन्यांत चरबीचे थर बसतात. हृदयात आणि पायांत जे होतं तेच इथेही. फक्त इथली नळी फार लहान आहे.

एक मर्यादा मोकळेपणाने सांगायला हवी. जिवंत माणसाच्या कर्णावर्तातला रक्तप्रवाह थेट मोजणं जवळजवळ अशक्य आहे, कारण तो शरीरातल्या सर्वांत कठीण हाडात गाडलेला आहे. वरची साखळी प्राण्यांवरचे प्रयोग, मृत्यूनंतर तपासलेली कानाची हाडं आणि इतर अवयवांबद्दलचं ज्ञान जोडून तयार झाली आहे. शिवाय धुरातली काही द्रव्यं रक्तपुरवठ्याला वळसा घालून थेट केसपेशींनाही त्रास देत असावीत, असं अनेक संशोधकांना वाटतं.

आधी उंच पट्टीचेच आवाज का जातात?

कर्णावर्तात आवाजांची जागा ठरलेली असते. सुरुवातीच्या वेटोळ्यात उंच पट्टीचे, टोकाला खालच्या पट्टीचे. सुरुवातीच्या भागातल्या बाह्य केसपेशी फार झपाट्याने काम करतात, त्यांचा ऊर्जेचा खर्च जास्त असतो आणि मुक्त मूलकांपासून संरक्षण देणारी द्रव्यं त्यांच्यात तुलनेने कमी असतात. ऑक्सिजनची चणचण, गोंगाट किंवा काही औषधं यांपैकी कशाचाही मारा झाला तरी पहिल्या मरतात त्या याच. एका कानात बाह्य केसपेशी जेमतेम १२ हजार असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

व्यवहारात हे असं जाणवतं: आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. मराठीत अ, आ, ओ, उ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ते जोरकस असतात. स, श, फ, थ यांची ओळख मात्र उंच पट्टीतल्या फुसफुशीतून होते. ती गेली की ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ वाटतं. नातवंडांचं आणि सुनेचं बोलणं अस्पष्ट वाटतं, पण शेजारच्या काकांचं खर्जातलं बोलणं व्यवस्थित समजतं. त्यामुळे “मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता” हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि तपासणी आणखी चार वर्षं लांबते.

स्ट्रियाचंच नुकसान जास्त झालं असेल तर चित्र वेगळं दिसतं. बॅटरीच उतरल्यामुळे सगळ्याच पट्ट्या थोड्या थोड्या खाली येतात.

तपासणीचा कागद कसा वाचायचा? एखादं उदाहरण द्याल?

समजण्यापुरतं एक उदाहरण रचू. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारे ४६ वर्षांचे एक गृहस्थ. वीस-बावीस वर्षं मागाच्या शेडमध्ये, कानात बोळा कधी नाही, आणि दिवसाला विड्यांचा एक बंडल. तक्रार स्वतःची नाही, बायकोची आहे: टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात.

ऑडिओग्रामवर आडव्या रेषेत पट्टी असते, हर्ट्झमध्ये. उभ्या रेषेत तो सूर ऐकू येण्यासाठी किती मोठा करावा लागला ते असतं, डेसिबलमध्ये. आकडा जितका मोठा, ऐकणं तितकं कमी. यांच्या उजव्या कानाचे आकडे असे: ५०० हर्ट्झला २०, १००० ला २०, २००० ला ३०, ४००० ला ६० आणि ८००० ला ५०. डावा कान साधारण तसाच.

पहिल्या चार पट्ट्यांची सरासरी काढली तर १३० भागिले ४, म्हणजे ३२.५ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० ते ३५ च्या आतली सरासरी ‘सौम्य’ धरतात. अहवालावर ‘सौम्य श्रवणदोष’ असं छापून येतं आणि गृहस्थ निर्धास्त होऊन कागद कपाटात ठेवतात. पण ४००० हर्ट्झचा ६० हा आकडा सौम्य मुळीच नाही. सरासरीने तो झाकला. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की खालची ओळ वाचून थांबू नका, ४००० आणि ८००० चे आकडे वेगळे विचारा.

आता यात विडीचा वाटा किती आणि मागाचा किती? ४००० ला खड्डा आणि ८००० ला थोडी सुधारणा ही गोंगाटाने झालेल्या इजेची ओळखीची खूण आहे. पण त्या खड्ड्याकडे पाहून “यातले अमुक डेसिबल विडीचे” असं कुणीही सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. इतकं मात्र माहीत आहे की दोन्ही मारे एकत्र आले की नुकसान वाढतं, आणि त्याचं कारणही समजण्याजोगं आहे. आठ तास गोंगाटात राबलेल्या केसपेशीला सावरायला ऑक्सिजन लागतो. ती सावरण्याची वेळ म्हणजे संध्याकाळ आणि रात्र. त्याच वेळी रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतो.

या गृहस्थांना काय सांगावं? शेडमध्ये नीट बसणारे इअरप्लग रोज वापरा. कापसाचा बोळा चालत नाही, तो आवाज फारसा अडवत नाही. विडी सोडण्याची तारीख ठरवा. रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आणि वर्षभराने त्याच ठिकाणी, कामावरून थेट न येता, किमान रात्रभर विश्रांती झाल्यावर पुन्हा चाचणी करा. गोंगाटातून नुकताच आलेला कान तात्पुरता मंद असतो आणि आकडे उगाच वाईट येतात.

माझं ऐकणं ठीक आहे, पण कान वाजतात. त्याचाही धूम्रपानाशी संबंध आहे का?

आहे, मात्र बहिरेपणाइतका ठळक नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर सध्या धूम्रपान करणाऱ्यांत टिनिटसची, म्हणजे कान वाजण्याची, शक्यता इतरांपेक्षा साधारण पाचव्या भागाने जास्त दिसते. धोका थोडा वाढतो, पण न ओढणाऱ्यांचेही कान वाजतातच.

कानात शिट्टी, रातकिड्यांची किरकिर, कुकरच्या वाफेसारखा फुस्कारा, असं लोक निरनिराळं सांगतात. बहुतेक वेळा त्या जागी खरा आवाज काहीच नसतो. काही केसपेशी निकामी झाल्या की त्या पट्टीतला संदेश मेंदूपर्यंत येणं कमी होतं. मेंदू ती उणीव भरून काढायला स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि मग नसांमधली नेहमीची बारीक कुजबुजही आवाज म्हणून जाणवू लागते. म्हणूनच अनेकांच्या कानातली शिट्टी नेमकी त्याच पट्टीच्या आसपास असते जिथे ऑडिओग्राम खाली गेलेला असतो.

“ठीक ऐकू येतं” हे मात्र तपासून पाहावं. नेहमीची चाचणी ८००० हर्ट्झपाशी थांबते, पण माणसाचा कान त्याही वर ऐकतो आणि नुकसान बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं. काही केंद्रांवर वरच्या पट्ट्यांची चाचणीही होते. कान वाजत असतील आणि साधी चाचणी निर्मळ आली असेल, तर त्याबद्दल विचारावं.

सिगारेट ओढली की मला बरं वाटतं, आवाज कमी वाटतो. मग ती वाईट कशी?

नेमाने ओढणाऱ्याच्या शरीरात निकोटीन उतरलं की बेचैनी येते, चिडचिड होते, लक्ष सारखं त्या शिट्टीकडे जातं. सिगारेट ओढली की ही बेचैनी काही वेळ शमते आणि आवाजही सुसह्य वाटतो. आवाज तेवढाच असतो, त्याचा त्रास कमी झालेला असतो. तासाभराने पुन्हा तेच. शिवाय संध्याकाळनंतरच्या निकोटीनने झोप तुटते, आणि अपुऱ्या झोपेइतकं टिनिटसला खतपाणी दुसरं कशाचंच मिळत नाही.

कोणत्या लक्षणांसाठी थांबायचं नाही?

एका कानाचं ऐकणं अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत गेलं तर ती तातडीची बाब आहे. “सर्दीमुळे दडा बसला असेल, थेंब टाकून बघू” म्हणण्यात आठवडा जातो. अशा वेळी स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका उपयोगी, आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर त्याचा फायदा फार घटतो. सकाळी फोन त्या कानाला लावल्यावर काहीच ऐकू आलं नाही तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. यामागे प्रत्येक वेळी रक्तपुरवठाच तुटलेला असतो असं नाही. बहुतेकदा कारण सापडत नाही.

ऐकणं जाण्याबरोबर गरगरून चक्कर, बोलताना जीभ अडखळणं, चेहरा वाकडा होणं, एक वस्तू दोन दिसणं, चालताना झोक जाणं यांपैकी काही असेल तर कानाच्या डॉक्टरकडे नाही, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आयका धमनी आतल्या कानाबरोबर मेंदूच्या भागालाही रक्त देते. ती बंद पडली तर तो पक्षाघात असतो, आणि कानाचं लक्षण त्याची पहिली सूचना असू शकतं.

फक्त एकाच कानात वाजत असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येत असेल, तर तातडी इतकी नाही, पण तपासणी टाळू नका. त्यांची कारणं वेगळी असतात आणि कधी स्कॅन करावा लागतो.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य ना? पानच तर असतं.

नाही. तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं आणि विडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला माणूस जोराने आणि जास्त वेळा झुरके घेतो. तंबाखू कमी असूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात जायचं कमी होत नाही. हुक्क्यात तर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा मिळतो.

मी ओढत नाही. तंबाखू मळतो, घरी मिश्री लावतात. त्याचं काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न मोठा आहे, कारण आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा बिनधुराचा तंबाखू वापरत होता, तर धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आसपास होते. मळलेल्या तंबाखूत कार्बन मोनॉक्साइड नाही, पण निकोटीन भरपूर आहे आणि गालात धरलेल्या चिमटीतून ते बराच वेळ रक्तात उतरत राहतं. म्हणजे धमन्या आकसण्याचा भाग शिल्लक राहतोच. कानाबाबतचे मोठे, वर्षानुवर्षं चाललेले अभ्यास मात्र जवळजवळ सगळे धुराचे आहेत, त्यामुळे त्यातले आकडे तंबाखू खाणाऱ्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

घरातल्या इतरांच्या कानांना धोका आहे का?

हो. बीव्हर डॅमच्या अभ्यासात स्वतः न ओढणाऱ्या, पण ओढणाऱ्याबरोबर राहणाऱ्यांतही बहिरेपण जास्त आढळलं. अमेरिकेतल्या १२ ते १९ वर्षांच्या मुलामुलींच्या एका अभ्यासात दुसऱ्याच्या धुरात वाढलेल्यांना आतल्या कानाचा श्रवणदोष असण्याची शक्यता पावणेदोन पटीहून अधिक होती, आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना आपल्याला कमी ऐकू येतं हे माहीतच नव्हतं. वर्गात लक्ष नाही म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी करून बघण्याचं हे पुरेसं कारण आहे.

लहान मुलांत धूर आणखी एक गोष्ट करतो, आणि तिचा रक्तपुरवठ्याशी संबंध नाही. नाक आणि मधला कान जोडणाऱ्या नळीचं अस्तर सुजतं, पडद्यामागे पाणी साठतं, कान वारंवार फुटतो. हा भाग मात्र उपचाराने बरा होतो.

सोडलं तर गेलेलं ऐकणं परत येतं का?

मेलेली केसपेशी परत येत नाही, म्हणून ऑडिओग्रामवरचा ६० पुन्हा २० होईल अशी आशा कुणी दाखवत असेल तर ती खोटी आहे. जे बदलतं ते पुढचं. जपानी अभ्यासात धूम्रपान सोडलेल्यांचा वाढीव धोका सोडल्यानंतरच्या पाच वर्षांतच उतरलेला दिसला. अमेरिकेतल्या ८० हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातही, जितकी वर्षं सोडून झाली तितका धोका कमी होत गेला.

रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच न ओढणाऱ्याइतका होतो. उरलेल्या केसपेशींना पूर्ण ऑक्सिजन मिळायला इतकाच वेळ लागतो. ४६ व्या वर्षी सोडणाऱ्याकडे २००० हर्ट्झच्या खालच्या बहुतेक पेशी अजून शाबूत असतात, आणि बोलणं समजण्याचं बरंच काम त्याच करतात. वाचवायच्या आहेत त्या या.

सोडून आठवडा झाला आणि कान जास्तच वाजायला लागले. पुन्हा सुरू करू का?

करू नका. पहिल्या काही आठवड्यांत झोप बिघडते, मन बेचैन असतं आणि शिट्टी मोठी वाटते. ते सहसा ओसरतं. खोलीत पंख्याचा किंवा मंद संगीताचा आवाज ठेवला तर रात्र सोपी जाते. फार त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंगगम किंवा पॅच घ्या. त्यात निकोटीन आहे, पण कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि तो हळूहळू कमी करता येतो. सोडण्यासाठी बुप्रोपिऑन गोळी चालू असेल तर डॉक्टरांना कान वाजण्याबद्दल जरूर सांगा, कारण त्या औषधाच्या दुष्परिणामांत टिनिटसची नोंद आहे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं.

ऐकण्याचं मशीन घेतलंच आहे. आता ओढलं तर काय बिघडतं?

मशीन आवाज मोठा करतं, पण तो मोठा झालेला आवाज पकडायला केसपेशी लागतातच. आज बसवलेलं मशीन आजच्या ऑडिओग्रामप्रमाणे लावलेलं असतं. त्या पेशी कमी होत गेल्या की दोन वर्षांत तेच मशीन अपुरं पडतं. आवाज वाढवावा तर तो कर्कश वाटतो आणि शब्द तरीही फुटत नाहीत. तेव्हा दोष मशीनचा नसतो. वर्षातून एकदा चाचणी करून मशीन पुन्हा लावून घ्या, आणि जाताना जुना ऑडिओग्राम बरोबर न्या. दोन कागद शेजारी ठेवले की कोणत्या पट्टीत किती घसरण झाली ते ऑडिओलॉजिस्टला लगेच दिसतं.